लाळ, कळकलेली चव आणि कुकरची वाफ

आपल्याकडे डोहाळ्यांचं कौतुक फार. चिंचा-आवळे, झोपाळा, फुलांची वाडी, हातात धनुष्यबाण घेऊन काढलेला फोटो. या सगळ्यात थुंकीला कुठेच जागा नाही. गरोदर बाईला आंबट खावंसं वाटतं हे साऱ्या गल्लीला ठाऊक असतं. पण तिच्या तोंडात उठल्यापासून पाणी साठत राहतं, ते गिळलं तर ढवळून येतं आणि थुंकायचं तर कुठे हा प्रश्न पडतो, हे कुणी कुणाला सांगत नाही. ज्यांनी भोगलंय त्याही नाही. उलटीबद्दल बायका मोकळेपणाने बोलतात, उलटीला एक प्रतिष्ठा आहे. लाळेला ती नाही.

माझा धंदा दातांचा. तीस-एक वर्षं लोकांच्या तोंडात डोकावून झाल्यामुळे लाळेची मला शिसारी नाही, उलट थोडं प्रेमच आहे. म्हणूनच बहुधा भाचीने आईला न सांगता मला फोन केला. ती सांगलीला शाळेत गणित शिकवते. पाळी चुकून दिवस राहिल्याचं कळलं होतं, सातवा आठवडा चालू होता. म्हणाली, "मावशी, उलट्या फार नाहीत गं. पण मला वर्गात बोलताच येत नाही. दोन वाक्यं झाली की तोंड भरतं. मुलांकडे पाठ करून फळ्यावर लिहिते आणि रुमालात थुंकते. मला काही झालंय का?"

मी विचारलं, "झोपेत उशी भिजते?"

"नाही. झोपले की काहीच नाही. उठून बसले की सुरू."

हे एक उत्तर पुष्कळ सांगून जातं. आपल्या तोंडात लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात: कानापुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली. त्या रोज साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ करतात. झोपेत हे काम जवळपास बंद असतं. जागेपणी मात्र आपण दिवसभर नकळत ती गिळत असतो, शेकडो वेळा. त्यामुळे लिटरभर पाणी आपल्या तोंडातून रोज गेलं हे आपल्याला कधी कळतही नाही. गरोदरपणात ते कळायला लागतं, कारण नकळत होणारं ते गिळणं अडतं.

उलटी होण्याच्या आधी तोंडाला पाणी सुटतं ते आपण सगळ्यांनी अनुभवलंय. मेंदूच्या तळाशी उलटीचा कारभार जिथून चालतो, त्याच्या शेजारीच लाळेचीही सूत्रं आहेत. पोटातलं आम्ल वर येणार असेल तर दातांवर आधीच पाण्याचा थर पसरून ठेवायचा, अशी ही सोय. लाळेत आम्ल मारणारा बायकार्बोनेट असतो, म्हणजे सोय अगदी विचारपूर्वक केलेली. उलटी येऊन गेली की काम संपलं. पण पहिल्या तीन महिन्यांत मळमळ येऊन जात नाही, ती घरी राहायलाच येते. मग लाळेची तयारीही दिवसभर चालू राहते. त्यात ती लाळ चिकट, फेसाळ, कडवट लागते. गिळली की तिच्याबरोबर हवा पोटात जाते, पोट फुगतं, आणखी ढवळतं. म्हणून बाई गिळत नाही, थुंकते. मग लाळ जास्त तयार होते की तेवढीच होऊन गिळली जात नाही, यावर डॉक्टरांतही एकमत नाही. बऱ्याच जणींत दोन्ही थोडं थोडं असावं असं मला वाटतं. थुंकलेली लाळ मोजली तर ती दिवसाला एक-दोन लिटरपर्यंत भरल्याच्या नोंदी आहेत.

हा फरक मी भाचीला एवढ्यासाठी समजावला, की त्यावरून करायच्या गोष्टी बदलतात. लाळ थांबवायच्या मागे लागलं की हाती काही लागत नाही. ती गिळता येईल अशी करता आली, तर बरंच काही साधतं.

गिळता येण्याजोगी करायची म्हणजे तिची चव आणि घट्टपणा बदलायचा. यात सगळ्यात कामाला येतो बर्फ. लिंबू पिळलेलं किंवा कोकमाचं पातळ पाणी बर्फाच्या साच्यात ओतून ठेवायचं आणि छोटासा खडा जिभेवर धरायचा. गारव्याने तोंड बधिरतं, लाळ पातळ होते आणि ती त्या थेंबभर आंबट पाण्याबरोबर घशाखाली उतरते. बिनसाखरेच्या च्युइंगमचंही तसंच. इथे कुणी हुशार वाचक म्हणेल, अहो, चघळल्याने लाळ वाढते की! वाढते. पण पुदिन्याची चव लागलेली लाळ गिळवते, आणि जी गिळली गेली ती त्रास देत नाही. आंबट गोळ्यांनीही हेच होतं, पण साखरेची गोळी दिवसभर गालात ठेवणाऱ्या पेशंटच्या दाढांचं पुढे काय होतं ते मी पाहिलेलं आहे. चघळायचंच असेल तर बिनसाखरेचं चघळावं, किंवा मिठात वाळवलेला आवळा, भाजलेली बडीशेप, एखादी वेलची.

बडीशेप म्हटली की सुपारी आठवते, आणि तिथे मी जरा थांबणार आहे. "मळमळतंय ना, सुपारीचं खांड टाक तोंडात," हा सल्ला घरोघरी मिळतो. भाचीला शेजारच्या काकूंनी दिला होताच. सुपारीत अरेकोलिन नावाचं द्रव्य असतं आणि ते लाळेच्या ग्रंथींना थेट चेतवतं. म्हणजे आगीवर तेल. शिवाय सुपारी तोंडाच्या कर्करोगाचं ठरलेलं कारण आहे, तंबाखू नसलेली असली तरी, आणि गरोदरपणात ती खाणाऱ्यांची बाळं वजनाने कमी भरतात. सुगंधी मुखवासाच्या पुडीतही ती बारीक कातरून घातलेली असते, पुडीवर वाचून घ्यावं. दुसरी गोष्ट मिश्रीची. आपल्या गावाकडे अजूनही तोंडाला चव नाही, तोंड चिकट झालंय म्हणून पोटुशी बाई सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते. मिश्री म्हणजे भाजून कुटलेली तंबाखू, दुसरं काही नाही. तिच्यातलं निकोटीन हिरडीतून रक्तात आणि तिथून वारेवाटे बाळात जातं, आणि लाळ तर वाढतेच. कितीतरी जणींना लाळेचा त्रास आणि मिश्री यांचा संबंध लागत नाही, कारण मिश्री लावल्यावर थुंकणं हे त्यांच्या लेखी ठरलेलंच असतं.

भाचीला मी एक वही करायला सांगितली. लाळ कधी वाढते, त्याआधी काय खाल्लं, किती वेळ पोट रिकामं होतं, एवढंच लिहायचं. गणिताची बाई, तिने रकाने आखले. चार-पाच दिवसांत दोन गोष्टी दिसल्या. सकाळी चहाखेरीज काही न घेता शाळेत गेली की दुसऱ्या तासापर्यंत तोंड भरायला लागायचं. आणि मधल्या सुट्टीत डब्यातली बटाट्याची भाजी-पोळी किंवा पोहे खाल्ले की पुढचा अर्धा तास सगळ्यात वाईट.

रिकामं पोट हे कारण पक्कं आहे. पोट रिकामं राहिलं की मळमळ वाढते, मळमळ वाढली की लाळ. दर दोन तासांनी मूठभर काहीतरी कोरडं खायचं, तेही उठल्या उठल्या अंथरुणातूनच, याने फरक पडतो. पिठूळ पदार्थांचं, म्हणजे बटाटा, पाव, पोहे, भात यांचं तसं नाही. पिठूळ पदार्थांनी लाळ वाढते असं जुन्या पुस्तकांपासून लिहीत आलेत आणि पुष्कळ बायकाही सांगतात, पण त्याला भक्कम पुरावा नाही. म्हणून मी तिला ते सगळे तोडायला सांगितलं नाही. या दिवसांत जे पोटात ठरतं ते खावं, तिथे पथ्याचा बडगा नको. फक्त मधल्या सुट्टीपुरता बदल केला: पोह्यांऐवजी फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, काकडीच्या फोडी. घरी गेल्यावर भात खायचा तर खुशाल खा. आणि खाणं-पिणं एकत्र नाही. पाणी जेवणाबरोबर ढसाढसा न पिता मधल्या वेळात घोट घोट.

पाण्याचं मी तिला पुन्हा पुन्हा बजावलं. जी थुंकते तिच्या अंगातलं पाणी खरोखर बाहेर जात असतं. थुंकून थुंकून तोंड भिजलेलं आणि अंग मात्र कोरडं, अशी विचित्र अवस्था होते. लघवीचा रंग बघायचा. फिकट पिवळी असली तर ठीक, गडद झाली तर पाणी कमी पडतंय.

आता थुंकण्याची सोय. लाज इथेच वाटते, म्हणून सोय नीट लागली पाहिजे. झाकणाचा एक अपारदर्शक मग घ्यायचा, कॉफी नेतात तसला. तळाशी टिश्यूपेपरच्या दोन-तीन घड्या, म्हणजे आवाज येत नाही आणि हिंदकळत नाही. पर्समध्ये मावतो, वर्गात टेबलावर ठेवला तर बाई काहीतरी पीत आहेत असंच मुलांना वाटतं. रिकामा करायचा तो संडासात, बेसिनमध्ये नाही. बेसिनच्या जाळीतून वर येणारा वास या दिवसांत नकोच. गरम पाण्याने धुवायचा. रुमालाने सारखं पुसून ओठांच्या कोपऱ्यांना भेगा पडतात, तिथे रात्री तूप किंवा व्हॅसलीन. मुख्याध्यापिकांना तिने स्वतःच जाऊन सांगितलं. त्यांनी पहिला तास बदलून दिला. त्यांनाही हे झालं होतं म्हणे, धाकट्याच्या वेळी.

लाळेच्या पाठोपाठ आली ती चव. पितळेच्या भांड्याची कल्हई उडालेली असताना त्यात ताक ठेवलं तर कळकतं, तशी. भाची म्हणाली, "मावशी, जिभेवर रुपयाचं नाणं ठेवल्यासारखं वाटतं, काही खात नसतानासुद्धा." तिच्या सासूबाईंनी लगेच निदान केलं की गोळ्या उष्ण पडल्या. पण गोळ्यांचा इथे संबंध नव्हता. सरकारी दवाखान्यात पहिल्या तीन महिन्यांत नुसती फॉलिक ॲसिडची गोळी देतात, ४०० मायक्रोग्रॅमची. लोहाची लाल गोळी, ज्यात ६० मिलिग्रॅम लोह असतं, ती चौथ्या महिन्यापासून. भाचीच्या डॉक्टरांनीही तसंच ठेवलं होतं. तेव्हा सातव्या-आठव्या आठवड्यातली ही चव लोहाची नव्हे, संप्रेरकांच्या उलथापालथीत जिभेचं गणित बिघडतं, त्याची.

लोहाची गोळी सुरू झाल्यावर जी चव येते तिची एक गंमत आहे. लोहाचं पाणी तोंडात धरून नाक चिमटीत दाबलं तर ती धातूची चव बरीच विरते. तपासून पाहिलेली गोष्ट आहे ही. लोह तोंडातल्या स्निग्धांशाशी भिडतं आणि त्यातून उडणारे वास घशामागून नाकात चढतात. आपल्याला वाटतं जीभ सांगतेय, सांगत असतं नाक. म्हणून लोहाची गोळी जिभेवर घोळवायची नाही, चावायची तर नाहीच. लिंबाच्या पाण्याबरोबर पटकन उतरवायची. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने लोह शोषलंही चांगलं जातं. चहा आणि कॅल्शियमची गोळी मात्र तिच्यापासून दोन तास लांब.

गोळीशिवायच्या चवीवर आंबट हाच उतारा. लिंबू, कोकम, कैरीची फोड मीठ लावून, लोणच्याचा खार. डोहाळ्यांत आंबट का लागतं याचं थोडं उत्तर मला इथे दिसतं. आंबटाने लाळ पातळ सुटते आणि ती कळकलेली चव धुतली जाते. छातीत जळजळ असेल त्यांनी मात्र आंबटाला आवर घालावा, तिथे थंड दूध किंवा दही बरं.

दुसरं म्हणजे गुळण्या. कपभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि पाव चमचा मीठ. तोंडात खळखळवायचं आणि टाकून द्यायचं, प्यायचं नाही. जेवणाआधी केल्या तर जेवणाला चव येते. उलटीनंतर तर याच करायच्या, आणि ब्रश अर्ध्या तासाने. उलटीतल्या आम्लाने दाताचं वरचं कवच मऊ पडलेलं असतं, त्यावर लगेच ब्रश घासला की ते झिजतं. या तीन महिन्यांत दात खराब झालेल्या ज्या मुली मी पाहिल्या, त्यांतल्या बहुतेक फार स्वच्छ राहणाऱ्या होत्या. प्रत्येक उलटीनंतर घासघास घासणाऱ्या.

ब्रशनेच उमासे येत असतील तर लहान मुलांचा छोट्या डोक्याचा ब्रश आणावा, पेस्ट मटारच्या दाण्याएवढी, फेस कमी होणारी. जीभ मागपर्यंत खरवडायची नाही, पुढची दोन बोटं पुरे. सकाळी जमत नसेल तर दुपारी. दात घड्याळ पाहत नाहीत.

भांड्यांचंही थोडं बघावं. आपण हाताने जेवतो, त्यामुळे स्टीलच्या चमच्याचा प्रश्न फारसा नाही, पण पेला स्टीलचा असतो आणि अलीकडे घरोघरी तांब्याच्या बाटल्या आल्यात. भाचीच्या घरी रात्री तांब्याच्या कळशीत भरून ठेवलेलं पाणी सकाळी सगळे पितात. तिला मी म्हटलं, चौदा-पंधरा आठवडे होईपर्यंत तू आपली काचेच्या ग्लासातून माठातलं पी. याने तिला जितका आराम पडला तितका माझ्या कुठल्याच शहाणपणाने पडला नव्हता.

एक मात्र सांगायला हवं. थुंकी सकाळी गुलाबी दिसत असेल तर ती चव धातूची नसून रक्ताची असू शकते. गरोदरपणात हिरड्या सुजतात, ब्रश लागला की रक्त येतं. मग आंबटाने काही होणार नाही, दात साफ करून घ्यावे लागतात. गरोदरपणात ते करता येतं. चौथा ते सहावा महिना खुर्चीत आडवं व्हायला सोयीचा, पण दुखत असेल तर तेवढंही थांबायचं नाही.

राहिलं नाक. माझ्या स्वतःच्या वेळी आम्ही डोंबिवलीत चाळवजा इमारतीत राहत होतो. तळमजल्यावर कुणीतरी सुके बोंबील भाजले की तिसऱ्या मजल्यावर मी खिडक्या लावत सुटायची. माहेर रत्नागिरीचं, बोंबील माझ्या रक्तात. सासूबाई म्हणायच्या, "अगं, मला तर काहीच वास येत नाहीये." आणि खरंच येत नसायचा त्यांना. तेव्हा वाटायचं आपलं नाक कुत्र्याचं झालंय.

पुढे वाचलं तेव्हा कळलं की प्रयोगशाळेत वासाचे थेंब पातळ करत करत तपासलं, तर गरोदर बायकांचं नाक इतरांपेक्षा फारसं तिखट निघत नाही. म्हणजे जो वास दुसरीला येणार नाही तो हिला येतो, असं सरसकट दिसत नाही. बदलतं ते हे, की आलेला वास किती घाण वाटतो. तोच लसूण, तेवढाच लसूण, पण कालपर्यंत भूक चाळवणारा आज पोट उलटवतो. सासूबाईंनाही बोंबलांचा वास येत असणारच, त्यांच्या मेंदूने तो नेहमीचा म्हणून सोडून दिला होता. माझा मेंदू सोडायला तयार नव्हता.

त्यामागचं एक मोठं कारण आता पुष्कळ उलगडलंय. वारेतून जीडीएफ१५ नावाचं एक संप्रेरक आईच्या रक्तात येतं आणि मेंदूच्या तळाशी जाऊन मळमळ जागी करतं. केंब्रिजमधल्या आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी २०२३ साली दाखवलं, की दिवस राहण्याआधी जिच्या रक्तात ते मुळातच कमी असतं, तिला ते अचानक वाढल्याचा तडाखा जास्त बसतो. म्हणजे एकीला काहीच होत नाही आणि तिच्याच बहिणीला पाणी पचत नाही, यात नखरे कुणाचेच नसतात. आमच्या पिढीला हे वाक्य तेव्हा कुणी म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

वासाशी लढायचं तर वाफेशी लढावं लागतं. गरम पदार्थातून वासाचे कण जास्त उडतात, गार पदार्थातून कमी. म्हणून गरमागरम वरणभात नको होतो आणि तोच गार दहीभात जातो. सांगलीच्या स्वयंपाकघरात खरा खलनायक कुकर होता. तिसरी शिट्टी झाली की भाची पदर नाकाला लावून गॅलरीत. मी तिच्या नवऱ्याशी बोलले. ठरलं असं, की ती आंघोळीला किंवा फिरायला गेली असताना कुकर लावायचा, एक्झॉस्ट फॅन आधीपासून चालू ठेवायचा आणि कुकर पूर्ण गार होईपर्यंत उघडायचा नाही, तोही खिडकीजवळ. लसणीची फोडणी काही दिवस बंद, त्याऐवजी जिरं-हिंगाची, हिंगही चालेना तेव्हा नुसतं जिरं. कांदा चिरून फ्रीजमध्ये उघडा ठेवायचा नाही. फ्रीज उघडताना तिने श्वास रोखायचा आणि शक्यतो दुसऱ्याने उघडायचा. शिळं-पाकं रोजच्या रोज काढायचं. नवऱ्याने दाढीनंतरचं पाणी लावणं थांबवलं, तिने डोक्याला सुवासिक तेलाऐवजी साधं खोबरेल लावलं. रूम फ्रेशनर मारू नका, हे मला दोनदा सांगावं लागलं. एका वासावर दुसरा वास ओतला की दोन वास होतात.

जवळ ठेवायचं ते लिंबू. फोड नाही, साल. नखाने सालीवर ओरखडा काढला की तेल सुटतं, रुमालाच्या कोपऱ्यात ती साल बांधून नाकाशी धरायची. एसटीत, लिफ्टमध्ये, स्टाफरूममध्ये कुणी अंड्याचा डबा उघडला तर उपयोगी. आल्याचा तुकडाही चालतो, आणि आलं पोटातही चालतं. सुंठ दिवसाला एक ग्रॅमपर्यंत घेता येते, म्हणजे साधारण अर्धा चमचा पूड, दोन-तीनदा विभागून.

एक इशारा मात्र फारसा कुणी देत नाही. या दिवसांत आवडीचा पदार्थ खाऊन उलटी झाली तर मेंदू त्या पदार्थालाच दोषी धरतो, आणि तो राग कधी कधी वर्षानुवर्षं जात नाही. भाचीच्या आईने प्रेमाने पुरणपोळ्या पाठवल्या होत्या. मी म्हटलं, फ्रीझरमध्ये टाक, आत्ता शिवू नकोस. वाईट दिवसांत खायचं ते बिनमहत्त्वाचं, फिकं, ज्याच्यावर पुढे रुसलं तरी चालेल असं.

एवढं करूनही आठव्या-नवव्या आठवड्यात तिचं वाढलंच. तो मळमळीचा शिगेचा काळ. मी तिला तिच्या डॉक्टरांकडे धाडलं, कारण इथे घरगुती शहाणपणाची हद्द संपते. त्यांनी डॉक्सिलामीन आणि ब६ जीवनसत्त्व एकत्र असलेली गोळी दिली, रात्री झोपताना. ही गरोदरपणातली जुनी, वापरून सिद्ध झालेली गोळी आहे. गुंगी येते, म्हणून रात्री घ्यायची, आणि परिणाम दुसऱ्या सकाळी दिसतो. मळमळ उतरली की लाळही पाठोपाठ उतरते, शिवाय या औषधाने तोंडाला थोडी कोरडही पडते, ती इथे पथ्यावर पडते. लाळ सुकवणारी आणखी जालीम औषधं आहेत, ती फारच झालं तर डॉक्टरच देतात. दुकानातून उलटीची गोळी परस्पर आणून घ्यायची नाही.

कधी लगेच दाखवायचं तेही मी तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहायला लावलं. दिवसभर घोटभर पाणीही ठरलं नाही, लघवी अगदी कमी आणि गडद झाली, उभं राहिल्यावर अंधारी आली, उलटीत रक्त दिसलं, ताप किंवा पोटदुखी आली. वजन आधीच्या पाच टक्क्यांहून जास्त उतरलं, तिचं बावन्न किलो होतं, म्हणजे अडीच किलोच्या वर गेलं, तर थांबायचं नाही. आणि लाळेबरोबर घसा दुखतोय, तोंड उघडत नाही, गालाची एकच बाजू सुजलीय, असं असेल तर ते गरोदरपणाचं नाही, दाताचं किंवा घशाचं काहीतरी आहे.

बाराव्या आठवड्यानंतर तिची चव आधी सुधारली. एके दिवशी सहज तांब्याच्या कळशीतलं पाणी प्यायली आणि काही लागलंच नाही, तेव्हा तिच्या लक्षात आलं. नाक चौदाव्याच्या सुमारास निवळलं, कुकर पुन्हा केव्हाही लागू लागला. लाळ मात्र चिवट. बहुतेकींची चौथ्या महिन्यात ओसरते, काहींची बाळंतपणापर्यंत पुरते आणि बाळ झाल्यावर जाते. बाळाला तिने अपाय होत नाही. भाचीचा मग पाचव्या महिन्यापर्यंत टेबलावर होता, पण दिवसाकाठी एकदाच धुवावा लागायचा. वहीत तिने शेवटची नोंद केली ती बटाट्याची. मधल्या सुट्टीत मुद्दाम बटाट्याची भाजी खाऊन अर्धा तास वाट पाहिली. पुढे लिहिलंय, "काही झालं नाही. बटाटा निर्दोष?" मी म्हटलं, पुराव्याअभावी सोडून दे.